निरोपाला हंबरडा कशाला?

निरोपाच्या प्रवेशात पात्र धाय मोकलून रडले आणि पार्श्वसंगीत चढले की प्रेक्षक रडतो, असा समज हौशी रंगभूमीवर पक्का आहे. काल्हेरसारख्या ठिकाणी, जिथे गोदामातून दमून आलेला प्रेक्षक समोर असतो, तिथे सूक्ष्म अभिनय पोचतच नाही, अशी पुस्तीही त्याला जोडतात.

या पूर्वपक्षाला शास्त्राचा आधार नाही. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत अश्रू आहेतच. पण स्तंभ म्हणजे खिळून जाणे आणि स्वरभंग म्हणजे आवाज फुटेनासा होणे हेही त्यांतच आहेत. मग आठांतला एकच सगळा प्रवेश का व्यापतो?

‘शाकुंतला’चा चौथा अंक पाहा. कण्वाचा कंठ दाटतो तो अडवलेल्या आसवांनी, वाहणाऱ्या नव्हे. सख्या शकुंतलेला बजावतात, मंगल वेळी रडू नये. ती चालू लागते आणि कुणीतरी वस्त्र ओढते. तिथे कालिदासाची रंगसूचना एवढीच की चाल अडल्याचा अभिनय करावा. वस्त्र धरणारे हरणाचे पाडस तिने सांवे भरवून वाढवलेले, दर्भाने त्याचे तोंड चिरले तेव्हा इंगुदीचे तेल लावून बरे केलेले. हे कण्व सांगतो, म्हणून ती ओढ काळजाला भिडते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चारच अंकांचा. म्हणजे त्या रात्रीचा पडदा या पाठवणीवर पडला.

हा क्षण बसवताना पेटी पाऊल अडण्याआधीच थांबवावी. नेमक्या त्याच क्षणी सूर चढला तर प्रेक्षकाचे लक्ष पदराकडून वाद्याकडे जाते. नटीने मान वळवण्यापूर्वी एक पूर्ण श्वास थांबावे. मात्र त्या थांबण्यात नजर पदराकडे उतरत गेली पाहिजे. नजरही गोठली तर स्तंभाचा देखावा होतो आणि प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते.

कुणी म्हणेल, रतिविलाप आणि अजविलाप याच कवीचे आहेत. खरे आहे, पण तिथे मृत्यू आहे, परतीची आशा संपलेली आहे. पाठवणीत माणूस जिवंत असतो आणि पुढे संसार असतो. दोहोंना एकच आक्रोश लावणे ही रसाची गल्लत आहे.

उरला काल्हेरचा प्रेक्षक. या पट्ट्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, ते संथ, एका चालीत, मुख्यतः आवाजाच्या बळावर. तिच्यापुढे बसून ज्या समाजाने लेकी सासरी पाठवल्या, त्याला संयम कळत नाही असे म्हणणे हे प्रेक्षकाचे अज्ञान नसून दिग्दर्शकाची पळवाट आहे.