१२. ब्रुक बाँड लिप्टन प्रकरण
चहाच्या धंद्यातली ही कंपनी. मार्च 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरने तिचे 8 लाख शेअर युनिट ट्रस्टकडून घेतले. 19 एप्रिलला दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण जाहीर झाले. लिव्हरला हे आधीच ठाऊक होते, ट्रस्टला नव्हते, असे ठरवून सेबीने 1998 मध्ये भरपाईचा आदेश दिला. विलीनीकरणाची चर्चा वर्तमानपत्रांत आधीच आली होती, म्हणून अपिलात तो टिकला नाही. भावावर परिणाम करणारी माहिती सूचीबद्ध कंपनीने शेअर बाजारामार्फत सर्वांना एकाच वेळी कळवायची असते. आता संचालकांचे महत्त्वाचे निर्णय बैठकीनंतर साधारणपणे 30 मिनिटांत कळवावे लागतात. त्याआधी आतल्या माणसाने खरेदी केली, तर त्याचा नफा अनभिज्ञ विक्रेत्याच्या पदरचा असतो. म्हणून अशा व्यवहाराला बंदी आहे.