स्वनविज्ञान व स्वनिमविज्ञान
उच्चाराची घडण आणि भाषेतील ध्वनींचे अर्थभेदक कार्य यांचा अनुक्रमे अभ्यास करणाऱ्या भाषाविज्ञानाच्या दोन शाखा. हा भेद त्रुबेत्स्कोय यांच्या 1939 च्या ग्रंथात पद्धतशीर मांडला गेला. मराठीच्या स्वनिमव्यवस्थेवर अशोक केळकर यांचा 1958 चा प्रबंध आहे. ‘चार’ (संख्या) म्हणताना जीभ टाळूकडे जाते, ‘गुरांना चार’ म्हणताना दातांमागे टेकते, हे स्वनविज्ञान सांगते. एवढ्याच फरकाने अर्थ बदलतो, म्हणून हे दोन स्वनिम, हे स्वनिमविज्ञान ठरवते (पहा : स्वनिम). ‘पंखा’ व ‘संत’ यांतील अनुनासिकेही उच्चारात भिन्नच. मात्र त्यांचे स्थान पुढच्या व्यंजनावरून ठरते, त्यामुळे ती एकाच स्वनिमाची रूपे होत (पहा : स्वनांतर). दोन्ही ‘च’ एकाच अक्षराने लिहिले जात असल्याने मराठीचे स्वनिम वर्णमालेवरून मोजता येत नाहीत.