ताजे ते वर : ट्विटरच्या वाचनक्रमाची कथा

२००६ साली अमेरिकेत ट्विटर सुरू झाले, तेव्हा त्याचा क्रम कचेरीतल्या आवक नोंदवहीइतका सरळ होता. फरक एवढाच, की ताजी नोंद सर्वांत वर. ज्यांना आपण फॉलो केले त्यांचे लिखाण आपल्यापुढे येई, आणि काय आधी वाचावे हे फक्त घड्याळ ठरवी.

या सरळपणात दोन अडचणी होत्या. रात्री आलेले सकाळपर्यंत खाली गाडले जाई. आणि दिवसातून पन्नास वेळा लिहिणारा एकच गृहस्थ, एकदाच लिहिणाऱ्याला झाकून टाकी. २००९ च्या अखेरीस आलेल्या ‘लिस्ट’ने दुसऱ्या अडचणीवर वाचकाच्याच हाती उपाय दिला. निवडक खात्यांची यादी करायची. ती उघडली की तेवढ्यांचेच लिखाण दिसते. त्यांना फॉलो करण्याचीही गरज नसते. खासगी यादी आपल्याखेरीज कोणाला दिसत नाही.

पहिल्या अडचणीवर कंपनीने वेगळा मार्ग धरला. आपण पूर्वी काय वाचले, काय पसंत केले, यावरून अंदाज बांधून ठरावीक मजकूर वर आणायला फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरुवात झाली. आधी ऐच्छिक, मग आपोआप. नाराजी वाढत गेली. डिसेंबर २०१८ मध्ये आयफोनवर कालक्रमाकडे परतण्याचे बटण आले. मार्च २०२२ मध्ये अंदाजी क्रम पुन्हा पुढे रेटला गेला, पण तक्रारींमुळे काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. जानेवारी २०२३ पासून For You आणि Following असे दोन कप्पे शेजारी शेजारी दिसू लागले.

आपल्यापुढे कोणता क्रम आहे, हे कसे ओळखाल? कप्प्याच्या नावावर विसंबू नका, वेळा वाचा. वीस मिनिटे, तीन तास, मग पुन्हा दहा मिनिटे अशा वेळा दिसल्या, तर तो कालक्रम नव्हे. अपवाद एक : कोणी जुना मजकूर आज पुढे पाठवला, तर तो आजच्या जागी येतो, पण तारीख जुनीच दाखवतो.

समजा, पुराच्या दिवसांत हवामान खाते, जिल्हा प्रशासन आणि धरणाची माहिती देणारे खाते अशा तिघांची आपण यादी केली. ‘दरवाजे उघडणार’ ही सकाळची सूचना आणि ‘दरवाजे बंद केले’ ही दुपारची सूचना यांत दुपारचीच वर असेल. अंदाजी क्रमात अधिक गाजलेली सकाळची सूचना वर राहू शकते.

मात्र कालक्रम सत्याची हमी देत नाही. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. कालक्रमाने वाचणाऱ्यांनी तिथे कमी वेळ घालवला, पण अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर त्यांच्यापुढे अधिक आला. घड्याळ क्रम लावते. कोणाला यादीत घ्यायचे, हे आपणच ठरवायचे असते.