औषधाच्या चिठ्ठीवरील वेळा गुजरातीत कशा लिहाव्यात

पांढुर्णा आणि सौंसरच्या आपल्या घरांत भाषांची वाटणी अशी झाली आहे की मुले-नातवंडे मराठी आणि हिंदी वाचतात, पण आजी-आजोबांना सवयीची लिपी गुजराती. मोठ्या दुखण्यासाठी आपण नागपूरला जातो. डॉक्टर इंग्रजीत लिहून देतात, औषधवाला पाकिटावर ‘१-०-१’ मांडतो आणि तोंडी मराठीत किंवा हिंदीत सांगतो. घरी आल्यावर गोळी कधी घ्यायची हे ज्यांना घ्यायची त्यांनाच वाचता येत नाही. अशा वेळी घरातल्या कोणीतरी गुजरातीत चिठ्ठी करून द्यावी. ती कशी करावी हे येथे दिले आहे. सोयीसाठी गुजराती वाक्ये आम्ही देवनागरीत छापली आहेत, घरी ती गुजराती लिपीतच लिहावीत.

आधी मूळ खुणा समजून घेऊ. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. ‘एसी’ म्हणजे जेवणाआधी, ‘पीसी’ म्हणजे जेवणानंतर. ‘१-०-१’ मधले आकडे सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने वाचायचे, म्हणून मधल्या शून्याचा अर्थ दुपारी गोळी नाही. खूण लागत नसेल तर अंदाज करू नये, औषधवाल्याला विचारून घ्यावे.

पहिली चूक होते ती शब्दाला शब्द ठेवल्यामुळे. ‘दिवसातून दोनदा जेवणानंतर’ याचे सरळ गुजराती ‘दिवसमां बे वार जम्या पछी’ असे होते. व्याकरणाने ते बरोबर आहे. पण कोणत्या दोन वेळा? आमच्या ओळखीच्या एका घरी काकी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेत असत, कारण सकाळच्या नाश्त्याला त्या ‘जमण’ म्हणत नाहीत. गुजरातीत नास्तो वेगळा आणि जमण वेगळे. डॉक्टरांना हवे होते सकाळ आणि रात्र. म्हणून ‘किती वेळा’ न लिहिता ‘केव्हा’ लिहावे, आणि प्रत्येक वेळेला स्वतंत्र ओळ द्यावी:

सवारे नास्ता पछी: १ (एक) गोळी
राते जम्या पछी: १ (एक) गोळी

आकडा आणि अक्षर दोन्ही लिहिण्याची सवय आम्हाला बँकेतली. चेकवर रक्कम दोन्ही प्रकारे घेतात ती एकातली चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून, आणि येथेही कारण तेच. अर्धी गोळी असेल तर ‘अडधी गोळी’ असे अक्षरातच लिहावे, कारण तिरक्या रेघेचा अपूर्णांक म्हाताऱ्या डोळ्यांना एक आणि दोन असा दिसतो.

वेळेचे चार शब्द पुरतात: सवारे, बपोरे, सांजे, राते. झोपतानाची गोळी असेल तर ‘राते सूतां पहेलां’ असे लिहावे, नुसते ‘राते’ नको. जेवणाआधीची असेल तर किती आधी तेही हवे: ‘जमवाना अडधा कलाक पहेलां’. पातळ औषधासाठी मिलीलिटरचा आकडा आणि बाटलीबरोबर आलेले माप, एवढेच लिहावे. मराठीत आपण लहान-मोठ्या दोन्हींना चमचा म्हणतो, गुजरातीत चमची लहान आणि चमचो मोठा, आणि घाईत लिहिताना नेमका तो फरक जातो.

आता एक पूर्ण चिठ्ठी करून पाहू. समजा, घरातल्या बांना तीन औषधे आहेत: थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, मधुमेहाची मेटफॉर्मिन ‘बीडी, पीसी’, आणि सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा.

पहिल्या गोळीला ‘खाली पेटे’ लिहिले तर पुष्कळांच्या मनात चहा त्यात धरला जात नाही. जुन्या माणसांना ‘नरणे कोठे’ हा शब्द नेमका कळतो, आपल्या मराठीतल्या ‘अनशापोटी’सारखा. तरी चहा नावाने लिहावा: ‘सवारे ऊठीने, नरणे कोठे, पाणी साथे १ (एक) गोळी. पछी अडधो कलाक चा-नास्तो नहीं.’ कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती हिच्यापासून चार तास दूर ठेवतात, तेव्हा त्या गोळीची वेळ ठरवून वेगळी ओळ करावी.

मेटफॉर्मिनच्या दोन ओळी वर दिल्या तशाच.

तिसरी सर्वांत जपायची. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच दिवशी घेतात. चुकून रोज घेतली गेली तर रक्त तयार होण्याची क्रिया बंद पडू शकते आणि जीवावर बेतते. येथे ‘अठवाडियामां एक वार’ लिहू नये. गुजरातीत ‘वार’ म्हणजे खेप, पण मराठीत वाढलेली सून किंवा नात ते वाचताना सोमवार-मंगळवारच्या ‘वारा’कडे वळते. शिवाय रोजच्या गोळ्यांच्या ओळीत ही ओळ मिसळून जाते. डॉक्टरांनी सांगितलेला दिवस नावाने लिहावा आणि बाकीचे दिवस तोडून टाकावेत: ‘फक्त बुधवारे. बीजा कोई दिवसे नहीं.’ ही ओळ वेगळ्या कागदावर, वेगळ्या रंगाने. गोळ्यांची पट्टीही रोजच्या डब्यात ठेवू नये. तोंड आले, ताप आला किंवा कुठून रक्त येऊ लागले तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

‘एसओएस’ औषधाची ओळ ‘दुखावो होय तो ज’ अशी होते. त्यातला ‘ज’ महत्त्वाचा, मराठीतल्या ‘च’सारखा. पुढे दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांना विचारून भरावे.

आपल्याकडील जैन घरांत आणखी एक पाहावे लागते. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांच्यासाठी ‘राते जम्या पछी’ ही ओळ पाळण्याजोगीच नसते, आणि गोळी एकतर चुकते किंवा ते मनाने वेळ पुढेमागे करतात. एकादशीच्या दिवशीही ‘जम्या पछी’ या शब्दाला आधार उरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी उपाशी घेतली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. म्हणून चिठ्ठी करण्याआधी डॉक्टरांना हा नेम सांगावा आणि त्यांनी ठरवून दिलेली वेळच लिहावी, जसे ‘सांजे, सूरज आथमे ते पहेलां, जम्या पछी’. चिठ्ठी करणाऱ्याने वेळ स्वतः बदलू नये.

शेवटी तपासणी. चिठ्ठी दुसऱ्या कोणाला दाखवून त्याच्याकडून मराठीत वाचून घ्यावी आणि मूळ पर्चीशी ताडावी. मग आजीला ‘समजलं का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हा’ येते. चार वाट्या मांडाव्यात आणि उद्याच्या गोळ्या त्यांनाच चिठ्ठी वाचून त्यात घालायला सांगाव्यात. गोळी चुकीच्या वाटीत पडली तर दोष चिठ्ठीचा समजून ती ओळ पुन्हा लिहावी. चिठ्ठीवर तारीख घालावी, आणि डॉक्टरांनी औषध बदलले की जुनी फाडून टाकावी. दोन चिठ्ठ्या एकाच डब्यात राहिल्या की जुनीही पाळली जाते.