कानापासून शेजाऱ्यापर्यंत : ध्वनी-चष्म्याच्या इतिहासातील गळतीचा प्रश्न

प्रस्तावना

चष्म्याच्या दांडीत बसविलेल्या सूक्ष्म स्पीकरमधून, कानात काहीही न घालता आवाज ऐकविणारे चष्मे गेल्या काही वर्षांत प्रचारात आले आहेत. कान मोकळा राहतो, हे त्यांचे वैशिष्ट्य. परंतु मोकळ्या कानाशी सोडलेला आवाज शेजाऱ्यापर्यंत किती पोहोचतो, हा त्यातूनच उद्भवणारा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

चष्मा आणि ध्वनी यांची सांगड नवी नाही. ट्रान्झिस्टरमुळे श्रवणयंत्रे लहान झाली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत चष्म्याच्या दांडीत बसविलेली श्रवणयंत्रे विक्रीस आली. तेव्हाही गळतीची अडचण होती, पण ती वापरणाऱ्याची होती. कानाकडे जाणारा आवाज बाहेर निसटून त्याच यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरला, की यंत्र शिटी घालू लागे. त्यामुळे कानात घट्ट बसणारा साचा घालून वाट बंद करणे, हाच प्रचलित उपाय होता.

वाट बंद न करता गळती कमी करण्याचे तत्त्व निराळ्या क्षेत्रातून आले. आरसीए कंपनीतील ध्वनिशास्त्रज्ञ हॅरी ओल्सन यांनी १९३०च्या दशकात रिबन मायक्रोफोनवर काम केले. हा मायक्रोफोन पुढून व मागून येणारा आवाज टिपतो, बाजूंचा टाळतो. हेच तत्त्व उलट दिशेने लावलेल्या स्पीकरांची मीमांसा त्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. बोस कंपनीने डिसेंबर २०१८मध्ये घोषित केलेले ‘फ्रेम्स’ हे चष्मे २०१९च्या आरंभी अमेरिकेत बाजारात आले आणि हा प्रकार सर्वसामान्यांस परिचित झाला.

कार्यपद्धती

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते. या दोन्ही बाजूंस दांडीत स्वतंत्र छिद्रे ठेवली, तर त्यांतून परस्परविरुद्ध लहरी बाहेर पडतात. एक छिद्र कानाजवळ असते, दुसरे थोडे दूर. कानापाशी जवळच्या छिद्राचे वर्चस्व राहते. दूर उभ्या असलेल्या व्यक्तीस मात्र दोन्ही छिद्रे जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात आणि लहरी एकमेकींस बऱ्याच अंशी नाहीशा करतात.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जवळचे छिद्र कानापासून २ सेंटिमीटरवर व दुसरे ४ सेंटिमीटरवर आहे असे मानू. अंतर दुप्पट झाले की ध्वनिदाब निम्मा होतो. म्हणून दुसरे छिद्र कानापाशी पहिल्याचा निम्मा परिणाम खोडून काढते आणि ती तूट भरण्यासाठी आवाज दुप्पट करावा लागतो. ५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ६८ सेंटिमीटर असते. तिच्यापुढे छिद्रांमधील २ सेंटिमीटरचे अंतर नगण्य असल्याने, छिद्रांच्या रेषेत १ मीटरवर बसलेल्या व्यक्तीपाशी एका छिद्राच्या केवळ १८ टक्के दाब उरतो; आवाज दुप्पट केल्यावर तो ३७ टक्के होतो. कानाशी ७० डेसिबल आवाज असताना एकाच छिद्राचा स्पीकर मोकळ्या जागेत या व्यक्तीस ३६ डेसिबल ऐकवील, तर दोन छिद्रांचा सुमारे २७. रेषेच्या बाजूस बसलेल्यास त्याहूनही कमी.

मर्यादा

५,००० हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ६.८ सेंटिमीटर असते. तेथे २ सेंटिमीटर हे अंतर लहान राहत नाही. त्या रेषेत लहरी एकमेकींस खोडण्याऐवजी मिळतात आणि शेजाऱ्यापाशी ३८ डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. म्हणजे या स्वरांबाबत दोन छिद्रांचा काहीच लाभ होत नाही. म्हणूनच शेजाऱ्यास गाण्याची चाल वा बोलण्याचा अर्थ क्वचितच कळतो. ‘स’, ‘श’ यांसारखे ऊष्म वर्ण आणि झांजांची किणकिण मात्र जाणवते. गजबजलेल्या बसमध्ये ती बुडून जाते. शांत वाचनालयात उघडी पडते. मागील छिद्र केसांनी वा मळाने बुजले, तर खोडणारी लहरच नाहीशी होते आणि खालचे स्वरही बाहेर ऐकू येऊ लागतात. गळती अचानक वाढल्यास प्रथम ते छिद्र तपासावे.

समारोप

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘न्युअन्स ऑडिओ’ या मोकळ्या कानाच्या श्रवण-चष्म्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली आणि हा प्रवास श्रवणयंत्रापाशी परत आला. दरम्यान गळतीचा अर्थ मात्र पालटला आहे. जुन्या यंत्रात ती शिटी होऊन प्रथम वापरणाऱ्यासच कळे. आज वापरणाऱ्यास ती कळत नाही, शेजाऱ्यास कळते. आणि शांत खोलीत गोपनीय संभाषण ऐकताना आवाज किती ठेवावा, याचा निर्णय ज्यास गळती ऐकूच येत नाही त्यालाच घ्यावा लागतो.