काच खाली केली तरी… घाटातली गाडी, सिगारेट आणि मागच्या सीटवरचं पोर

आजच्या भागाची गोष्ट इगतपुरीतून सुरू होते. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. पण एखादा नियम आज असा का आहे हे कळायला त्याच्या जुन्या आवृत्त्या बघाव्या लागतात, आणि ती सवय मला कामातूनच लागलीय.

कसाऱ्याहून इगतपुरीला वर यायला दोन वाटा आहेत. एक रेल्वेची. थळ घाटातून ही लाइन १८६५ मध्ये सुरू झाली. चढ इतका उभा की आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढतात. दुसरी वाट मुंबई-आग्रा रस्त्याची. घाट तोच, धुकं तेच, पाऊसही तोच. पण ट्रेनमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर त्याला दंड होऊ शकतो, आणि शेजारच्या रस्त्यावर स्वतःच्या कारमध्ये, मागे चार वर्षांचं पोर बसलेलं असताना पेटवली तर सिगारेटविरोधी कायदा काहीच म्हणत नाही.

हा फरक कुठून आला, ते बघू.

सुरुवात इंग्रजांच्या काळातली. १८९० च्या रेल्वे कायद्यात कलम ११० होतं. डब्यातल्या बाकीच्या प्रवाशांची संमती नसताना सिगारेट-विडी ओढली तर वीस रुपयांपर्यंत दंड. म्हणजे धूर गुन्हा नव्हता, शेजाऱ्याला न विचारणं गुन्हा होता. पुढे १९८९ चा नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या कलम १६७ मध्ये डब्यातल्या दुसऱ्या कुणी हरकत घेतली तर ओढायची नाही, असं आलं. दंड शंभर रुपयांपर्यंत. जवळपास शंभर वर्षं गेली, पण मूळ कल्पना तीच राहिली: ज्याला त्रास होतो त्याने तोंड उघडावं.

ही कल्पना मोडली ती मुंबईच्या एका माणसाच्या याचिकेमुळे. काँग्रेसचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने दवाखाने, शाळा, कोर्ट, सार्वजनिक वाहनं आणि रेल्वेत धूम्रपानाला बंदी घातली. कुणी हरकत घेण्याची वाट बघायची गरज उरली नाही. २००३ मध्ये आपण ज्याला ‘कोटपा’ म्हणतो तो तंबाखू कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे सविस्तर नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत.

इथे मेख आहे ती एका व्याख्येत. ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जिथे लोकांना जाता येतं ती जागा, आणि त्यात सार्वजनिक वाहनं येतात. म्हणून एसटी आली, कसारा-नाशिक शेअर टॅक्सी आली. तुमची-आमची घरची कार नाही आली. प्रोग्रामच्या भाषेत सांगायचं तर अट लिहिताना प्रवासी मोजलेच नाहीत, फक्त गाडी कुणाची ते तपासलं.

आता घरोघरी ऐकू येणारं वाक्य: “अरे, काच खाली केलीय की! धूर बाहेरच जातोय.”

आपण साधा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, पण खोटे नाहीत. एका सिगारेटमधून साधारण १० मिलिग्रॅम बारीक कण हवेत जातात. हे ते पीएम २.५, फुप्फुसात खोलवर जाणारे. कारच्या आतली जागा धरा ३ घनमीटर. सगळ्या काचा बंद असतील तर एका घनमीटरला तीन हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम होतात. कॅनडात संशोधकांनी उभ्या, बंद गाडीत प्रत्यक्ष मोजलं तेव्हा आकडा सरासरी ३,८५० च्या आसपास आला.

आता काच थोडी उघडू. समजा त्यामुळे गाडीतली सगळी हवा दर मिनिटाला एकदा बदलते. सिगारेट पाच मिनिटं चालते, म्हणजे मिनिटाला २ मिलिग्रॅम कण. गाडीत मिनिटाला ३ घनमीटर ताजी हवा येते. दोनाला तीनाने भागा: साधारण ६६७ मायक्रोग्रॅम. हात काचेजवळ धरला आणि दोनतृतीयांश धूर थेट बाहेर गेला असं मानलं, तरी उरतात सुमारे २२०. त्याच कॅनडाच्या प्रयोगात अर्ध्या उघड्या काचेशी सिगारेट धरल्यावर आलेला आकडा होता २२३.

म्हणजे काच धूर कमी करते, संपवत नाही. हवा बदलायला वेळ लागतो, आणि तोवर सिगारेट नवा धूर सोडतच असते. शिवाय ओढून सोडलेला धूर काचेबाहेरच्या हातातून नाही, तोंडातून गाडीतच येतो. आणि काचेतून हवा फक्त बाहेर जात नाही, आतही येते, थोडा धूर परत घेऊन.

हे प्रयोग झाले, पण रोजच्या प्रवासात काय होतं? स्कॉटलंडमध्ये लोकांच्या नेहमीच्या प्रवासात यंत्र ठेवून मोजलं. सिगारेट नसलेल्या प्रवासात सरासरी ७.४ मायक्रोग्रॅम, असलेल्या प्रवासात ८५. बहुतेकांनी काचा उघडल्या होत्या, पंखा लावला होता. तरीही सिगारेट ओढलेल्या प्रत्येक प्रवासात कधी ना कधी जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची २५ ची मर्यादा ओलांडलीच गेली.

आता हे आपल्या घाटात आणा. जुलैत धो-धो पाऊस, काच उघडणार कोण? समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा. तो पार करायला पाच-सहा मिनिटं लागतात, आणि तिथे सगळे काचा बंद करून एसीची हवा आतच फिरवतात. पाच-सहा मिनिटं म्हणजे नेमकी एक सिगारेट. त्यात लहान मूल मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतं. वजनाच्या मानाने त्याच्या पोटात, म्हणजे फुप्फुसात, जास्त हवा जाते. आणि पट्टा लावलेला असल्याने उठून दुसरीकडे बसायची सोय नाही.

बाहेरच्या देशांनी ही अट दुरुस्त केली. २००७ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाने, २००८ मध्ये कॅलिफोर्नियाने. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून, गाडीत १८ वर्षांखालचं कुणी असेल तर सिगारेट बंद, दंड ५० पौंड. या नियमात काच किंवा सनरूफ उघडं असणं ही सबब चालत नाही. छत पूर्ण मागे सारलेली उघडी गाडी मात्र सुटते. बघा, कायदा लिहिणाऱ्यांनी हवेचा हिशोब वाचला होता!

उपयोग झाला का? इंग्लंडमध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलांना विचारलं. गाडीत नेहमी धूर सोसणारी मुलं २०१४ मध्ये ५.९ टक्के होती, २०१६ मध्ये १.६. पण स्कॉटलंडमध्येही, कायदा लागू होण्याआधीच, प्रमाण थोडं उतरत होतं. म्हणजे सगळं श्रेय कायद्याचं नाही, पण इंग्लंडची घट बरीच मोठी होती. शिवाय प्रत्येक गाडीत पोलीस डोकावू शकत नाही. असा नियम मुख्यतः घरातल्या वादात कामाला येतो: “काका, कायदाच आहे तसा.”

आपल्याकडे ते वाक्य अजून म्हणता येत नाही. तोवर उपाय एकच आहे. घाटाआधी गाडी थांबवायची, ओढणाऱ्याने बाहेर उतरून, गाडीपासून लांब ओढायची, आणि मग पुढे निघायचं.

१८९० च्या कायद्याला डब्यातल्या प्रवाशाची संमती लागत होती. मागच्या सीटवरच्या पोराला ती कुणी विचारत नाही, आणि विचारली तरी बाबांना नाही म्हणायची त्याची हिंमत होत नाही. म्हणूनच संमतीवर चालणारा नियम रेल्वेत एकदा बदलावा लागला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.