अनुकूली बिटरेट स्ट्रीमिंग

अनुकूली बिटरेट स्ट्रीमिंग ही इंटरनेटवरून व्हिडिओ दाखवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत एकच व्हिडिओ अनेक दर्जांमध्ये आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवलेला असतो आणि प्रेक्षकाच्या उपकरणातील प्लेअर जोडणीचा वेग पाहून त्यांपैकी योग्य तो दर्जा वेळोवेळी निवडतो. व्हिडिओ मध्येच थांबू नये हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय. दर्जाच्या यादीत 720p किंवा 1080p उपलब्ध असूनही व्हिडिओ 360p किंवा 480p वरच चालत राहतो, असा अनुभव अनेकदा येतो. जोडणी मंद असणे हे त्याचे एकमेव कारण नसते. प्लेअरचे सावध निवडनियम आणि त्याने केलेल्या वेगमापनातील त्रुटी यांमुळेही असे घडते.

## रचना

या पद्धतीत व्हिडिओचे काही सेकंदांचे लहान लहान खंड केले जातात. प्रत्येक खंड सर्व दर्जांमध्ये उपलब्ध असतो. त्यामुळे एक खंड 480p दर्जाचा आणि पुढचा 720p दर्जाचा घेतला, तरी चित्र सलग चालते. दर सेकंदाला किती बिट लागतात, या प्रमाणाला बिटरेट म्हणतात. दर्जा जितका उंच, तितका बिटरेट सामान्यतः अधिक असतो.

सध्या प्रचलित असलेल्या दोन प्रमुख पद्धतींपैकी एचएलएस ही ॲपल कंपनीने २००९ मध्ये आणली, तर एमपेग-डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. एचएलएसमध्ये प्लेअर प्रथम उपलब्ध दर्जांची यादी असलेली एक लहान फाइल उतरवून घेतो. तिचे स्वरूप असे असते :

```
#EXTM3U
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=800000,RESOLUTION=640x360
360p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=1400000,RESOLUTION=854x480
480p.m3u8
#EXT-X-STREAM-INF:BANDWIDTH=2800000,RESOLUTION=1280x720
720p.m3u8
```

या यादीनुसार 360p साठी दर सेकंदाला ०.८, 480p साठी १.४ आणि 720p साठी २.८ मेगाबिट लागतात. यांपैकी कोणता दर्जा घ्यायचा हे सर्व्हर ठरवत नाही. तो निर्णय बहुतांशी प्लेअरच घेतो. म्हणून एकाच घरात, एकाच जोडणीवर, एकच व्हिडिओ दोन उपकरणांवर वेगवेगळ्या दर्जाचा दिसू शकतो.

## दर्जा निवडण्याची रीत

जोडणीचा वेग किती आहे हे प्लेअरला कोणी सांगत नाही. उतरवलेल्या खंडाचा आकार आणि त्याला लागलेला वेळ यांच्या भागाकारावरून तो वेगाचा अंदाज बांधतो. एका खंडावर विसंबणे धोक्याचे असल्याने मागील काही मापनांची सरासरी काढली जाते आणि तिच्यात अलीकडच्या मापनांना अधिक वजन दिले जाते. ब्राउझरमध्ये वापरल्या जाणाऱ्या `hls.js` या मुक्त प्लेअरमध्ये अशा दोन सरासऱ्या असतात. एक वेगातील बदल लवकर टिपते, दुसरी सावकाश. त्या दोहोंपैकी जी कमी असेल ती ग्राह्य धरली जाते. परिणामी वेग घसरला की अंदाज लगेच खाली येतो, पण वेग सुधारल्यावर तो वर चढण्यास वेळ लागतो.

हा अंदाजही प्लेअर पूर्णपणे वापरत नाही. `hls.js` च्या मूळ मांडणीत सध्याचा दर्जा टिकवायचा असेल तर त्याचा बिटरेट अंदाजित वेगाच्या ९५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. वरच्या दर्जावर जायचे असेल तर मात्र तो ७० टक्क्यांच्या आत असावा लागतो. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला असतो. तो नसता तर वेगात थोडा चढउतार होताच दर्जा सतत वरखाली होत राहिला असता. परंतु त्यामुळेच जोडणी 720p पेलू शकत असताना 480p वर असलेला प्लेअर तेथेच थांबू शकतो.

उतरवलेले पण अद्याप न दाखवलेले खंड बफर या साठ्यात जमा होतात. वेगाचा अंदाज सुधारला, तरी साठ्यातील कमी दर्जाचे खंड सहसा टाकून दिले जात नाहीत. ते आधी दाखवले जातात. साठा ३० सेकंदांचा असेल, तर वरचा दर्जा निवडल्यानंतरही तो पडद्यावर दिसण्यास सुमारे अर्धा मिनिट जाऊ शकतो.

## खालच्या दर्जावर अडकून राहणे

प्लेअरच्या अंदाजातील मुख्य उणीव अशी की, खंड जितका लहान, तितका मोजलेला वेग प्रत्यक्षापेक्षा कमी भरण्याचा संभव अधिक. खंडाची मागणी केल्यापासून पहिला बिट येईपर्यंत काही काळ नुसता वाट पाहण्यात जातो. हा प्रतीक्षाकाळ खंडाच्या आकारानुसार बदलत नाही. त्यामुळे मोठ्या खंडाच्या एकूण वेळात त्याचा वाटा नगण्य, तर लहान खंडात लक्षणीय ठरतो.

उदाहरणार्थ, जोडणीचा खरा वेग सेकंदाला ५ मेगाबिट, प्रतीक्षाकाळ ०.४ सेकंद आणि खंड ४ सेकंदांचा आहे असे मानू. प्रतीक्षाकाळही मापनात धरणारा आणि वरील ७० व ९५ टक्क्यांचे नियम पाळणारा प्लेअर 480p वर असेल, तर एका खंडात १.४ गुणिले ४ म्हणजे ५.६ मेगाबिट असतात. ते उतरण्यास १.१२ सेकंद लागतात. प्रतीक्षाकाळ मिळवून १.५२ सेकंद होतात. मोजलेला वेग भरतो सुमारे ३.७ मेगाबिट. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे २.६ मेगाबिट होत असल्याने २.८ मेगाबिटचा 720p दर्जा नाकारला जातो. पुढच्या खंडालाही हेच गणित लागू पडते आणि प्लेअर 480p वरच राहतो.

तोच प्लेअर आधीपासून 720p वर असता, तर खंड ११.२ मेगाबिटांचा असता. तो उतरण्यास २.२४ सेकंद आणि प्रतीक्षेसह २.६४ सेकंद लागले असते. मोजलेला वेग सुमारे ४.२ मेगाबिट आणि त्याचे ९५ टक्के सुमारे ४ मेगाबिट भरले असते. म्हणजे 720p सहज टिकला असता. जोडणी एकच असूनही येथे दोन स्थिर अवस्था संभवतात. कोणती प्रत्यक्षात येईल हे प्लेअर कोठून सुरू झाला आणि मध्ये एखादा अडथळा आला की नाही यावर ठरते. क्षणभराच्या अडथळ्याने 480p वर उतरलेला प्लेअर अडथळा दूर झाल्यावरही वर का चढत नाही, याचा उलगडा यातून होतो. काही नवे प्लेअर प्रतीक्षाकाळ वेगळा मोजून ही त्रुटी कमी करतात.

त्याच जोडणीवर दुसरे कोणी मोठी फाइल उतरवत असेल, तर परिस्थिती अधिक बिकट होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन लोकप्रिय व्हिडिओ सेवांमध्ये हा परिणाम आढळला. बफर भरल्यावर प्लेअर एक खंड घेतो, थांबतो आणि मग पुढचा मागतो. या विरामात टीसीपी या वहन-नियमावलीने चढवलेला वेग पुन्हा खाली येतो. दरम्यान दुसरे डाउनलोड अखंड चालू राहून मार्ग व्यापते. नव्या खंडाला आपला न्याय्य वाटा मिळण्याच्या आतच तो उतरून संपतो. मोजलेला वेग कमी भरतो, म्हणून प्लेअर खालचा दर्जा घेतो. खंड आणखी लहान होतात आणि पुढचे मापन आणखी घटते. अशा घसरणीमुळे व्हिडिओ आपल्या वाट्याच्या वेगापेक्षा बऱ्याच खालच्या दर्जावर जाऊन पोहोचतो.

## बफरवर आधारित निवड

या घसरणीवर उपाय म्हणून वेगापेक्षा साठ्याकडे पाहणारी पद्धत पुढे आली. स्टॅनफर्ड व नेटफ्लिक्स येथील संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत साठा वाढत जाईल तसा वरचा दर्जा घेतला जातो आणि साठा आटू लागला की खालचा. वरील उदाहरणात 480p चे ४ सेकंद दीड सेकंदात उतरतात, म्हणजे साठा वाढतच जातो. ही वाढ मापनातील त्रुटीपासून मुक्त असल्याने प्लेअर 720p वर जाण्यास धजावतो. मात्र प्रारंभी साठा रिकामा असल्याने तेवढ्यापुरता वेगाचा अंदाज आवश्यकच ठरतो. थेट प्रक्षेपणात साठा मुळातच लहान ठेवावा लागतो, म्हणून तेथे या पद्धतीला मर्यादा पडतात.

## इतर कारणे

काही वेळा वेगाशी संबंध नसलेली मर्यादा लागू असते. खिडकी लहान असल्यास अनेक प्लेअर तिच्या आकारापेक्षा मोठे चित्र मागवत नाहीत. उपकरणाला वरच्या दर्जाचे चित्र वेळेत उलगडता आले नाही, तर चौकटी गळू लागतात. सशुल्क सेवांमध्ये उपकरणाची प्रत-संरक्षण व्यवस्था पुरेशी सुरक्षित नसल्यास वरचे दर्जे दिलेच जात नाहीत. यूट्यूबवर नुकताच चढवलेला व्हिडिओ आधी कमी दर्जात उपलब्ध होतो. वरचे दर्जे प्रक्रिया पूर्ण झाल्यावर येतात.

सेवांनी स्वतःहून मर्यादा घातल्याचेही उदाहरण आहे. करोना साथीच्या काळात जाळ्यांवरील भार कमी व्हावा म्हणून भारतातील प्रमुख व्हिडिओ सेवांनी २४ मार्च २०२० रोजी मोबाइल जाळ्यांवरील दर्जा तात्पुरता 480p पर्यंत सीमित ठेवण्याचे ठरवले. ही मर्यादा १४ एप्रिलपर्यंत होती.

## कारण ओळखणे

संगणकावर यूट्यूबच्या चित्रावर उजवी कळ दाबल्यास `Stats for nerds` हा पर्याय मिळतो. त्यातील `Viewport / Frames` या ओळीत चित्राच्या चौकोनाचा आकार आणि गळालेल्या चौकटींची संख्या असते. चौकोन लहान असल्यास खिडकीची मर्यादा, आणि गळालेल्या चौकटी वाढत असल्यास उपकरणाची मर्यादा संभवते. `Connection Speed` मध्ये प्लेअरचा अंदाजित वेग आणि `Buffer Health` मध्ये साठ्याचे सेकंद दिसतात.

अंदाजित वेग कमी दिसत असूनही साठा भरलेला राहत असेल, तर प्लेअर खालच्या दर्जावर अडकल्याचा संशय घेण्यास जागा असते. अशा वेळी एक पायरी वरचा दर्जा हाताने निवडून साठ्याकडे लक्ष ठेवल्यास निर्णय होतो. साठा टिकून राहिला, तर जोडणी तो दर्जा पेलते आणि अडचण अंदाजात होती असे ठरते. साठा सतत घटत जाऊन व्हिडिओ थांबला, तर प्लेअरची आधीची निवडच योग्य होती. हाताने दर्जा निवडल्यावर प्लेअर तो सहसा आपोआप उतरवत नाही. म्हणून चाचणी संपल्यावर निवड पुन्हा स्वयंचलित न केल्यास वेग घसरताच व्हिडिओ थांबू शकतो.